अण्णांच्या गिरणीची तीस वर्षं आणि एक मेसेज

आमच्या कर्वेनगरातल्या गिरणीला २०२५ च्या दसऱ्याला तीस वर्षं झाली. अण्णांनी १९९५ च्या दसऱ्याला पहिलं दळण काढलं आणि मी १९९८ पासून त्यांचं गिऱ्हाईक. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जेव्हा ठरलं की सगळ्यांतर्फे अण्णांना एक छानसा मेसेज पाठवायचा, तेव्हा "तू लिहितोस ना काहीबाही, तूच लिही" असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं.

एका मिनिटात मसुदा तयार झाला. ‘आपल्या व्यवसायाच्या तीस वर्षपूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. उत्तम दर्जा, तत्पर सेवा आणि हसतमुख स्वभाव ही आपली ओळख. आपली अशीच उत्तरोत्तर प्रगती होवो आणि आपण शतक साजरे करो.’ लगेच अकरा अंगठे आले. पाठवायच्या आधी मी सहज परत वाचला आणि लक्षात आलं की ‘गिरणी’ हा शब्द त्यात कुठेच नाही. हाच मेसेज सलूनवाल्याला चालेल, मोबाईल रिपेअरवाल्याला चालेल, आणि हसतमुख स्वभाव वगळला तर आमच्या बॉसलाही चालेल. शिवाय अण्णा हसतमुख नाहीत हो! सत्तावीस वर्षांत मी त्यांना मोजून चार-पाच वेळा हसताना पाहिलंय.

माझं मत असं, की जुन्या गिऱ्हाइकाच्या अभिनंदनाला किंमत असते ती एकाच कारणामुळे. तो साक्षीदार असतो. ‘उत्तम दर्जा’ हे काल आलेला माणूसही लिहू शकतो. सत्तावीस वर्षं डबा घेऊन येणाऱ्याने तरी जे बघितलंय ते लिहावं. आता मी काय बघितलंय ते सांगतो. त्यासाठी थोडं गिरणीच्या पोटात शिरावं लागेल.

२००१ साली मी नवीन नवीन नोकरीला लागलो होतो आणि प्रत्येक गोष्ट मोजायची खोड होती. एकदा घरच्या काट्यावर पाच किलो गहू मोजून नेले आणि परत आल्यावर पीठ मोजलं. भरलं चार किलो नऊशे वीस ग्रॅम. ऐंशी ग्रॅम गायब! मी तावातावाने गिरणीत गेलो. अण्णांनी ऐकून घेतलं, मोटार बंद केली आणि म्हणाले, "ये, आत बघ."

गिरणीत दोन दगड असतात. एक स्थिर, एक फिरणारा. दाणा मध्यभागातून आत पडतो आणि दगडांवर कोरलेल्या खाचांमधून चिरडत चिरडत कडेपर्यंत येतो. तिथून पीठ बाहेरच्या पत्र्याच्या घेरात पडतं आणि कापडी नळीतून डब्यात उतरतं. दळण संपलं तरी खाचांत, घेराच्या तळाशी आणि त्या कापडाच्या घड्यांत पीठ शिल्लक राहतंच. पुढचं दळण येतं तेव्हा ते आधी हे राहिलेलं पीठ पुढे ढकलतं. म्हणजे तुमच्या डब्यात पहिल्यांदा पडतं ते तुमच्या आधीच्या माणसाचं, आणि तुमचं शेवटचं मूठभर जातं पुढच्याच्या डब्यात.

"मग हिशोब बरोबर व्हायला पाहिजे ना?" मी म्हटलं. (मागच्या युजरचा डेटा बफरमध्ये राहिला, इतपत मला कळलं होतं.)

"उडतं ते? आणि सुकतं ते?" अण्णा म्हणाले. पीठ दगडांतून गरम होऊन निघतं, तेव्हा दाण्यातला थोडा ओलावा वाफ होऊन जातो. आणि हवेत उडालेलं पीठ त्यांच्या भुवयांवरच बसलेलं होतं, पुरावा म्हणून. मी काटा घेऊन गुपचूप घरी आलो.

आपल्या आया "ज्वारीवर टाकू नका, गव्हावर गहू टाका" असं का बजावून पाठवायच्या ते मला त्या दिवशी कळलं. अण्णा आलेल्या क्रमाने दळत नाहीत. डबे रांगेत असले तरी गव्हाचे गव्हामागे, मग ज्वारी-बाजरी, असं लावतात. त्यावरून रोज एक तरी भांडण होतं, कारण ‘माझा नंबर आधी होता’ हे प्रत्येकाला दिसतं आणि पोळीतली कणीभर ज्वारी कुणाला दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट.

२०१७ मध्ये माझ्या भाच्याला सिलिॲक निघाला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. उंची वाढत नव्हती, रक्त कमी, पोट कायम फुगलेलं. शेवटी रक्ताची तपासणी आणि आतड्याचा तुकडा तपासून निदान झालं. गव्हातलं ग्लुटेन त्याच्या शरीराला चालत नाही, आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. औषध नाही. गहू, मैदा, रवा, सातू जन्मभर बंद. ताई रडली, मग सावरली आणि म्हणाली, ज्वारीची भाकरी तर चालते, आपल्याला काय अवघड आहे?

मी पाच किलो ज्वारी घेऊन अण्णांकडे. म्हटलं, उद्या सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण हे काढा, आधी किलोभर ज्वारी फुकट गेली तरी चालेल, दुप्पट पैसे घ्या. अण्णांनी विचारलं, "पोराला गव्हाचं किती चालतं?" म्हटलं, डॉक्टर म्हणतात अजिबात नाही.

"मग नाही जमायचं. घेऊन जा."

मला राग आला. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि एक काम सांगितलं तर नाही? अण्णांनी परत मोटार बंद केली. कडेचा पत्रा काढून दगड दाखवला, खाचांत पांढरं पीठ दाबून बसलेलं. पट्ट्यावर पीठ, नळीच्या कापडात पीठ. मग वर बोट दाखवलं. छताच्या जळमटांवर पिठाची झालर लोंबत होती. "मी रात्री झाडली तरी मोटार चालू झाली की हे वरून पडतं. तू म्हणशील म्हणून मी दळून देईन, पैसे पण घेईन. पण पोरगं खाणार आहे ना? नवीन घरघंटी घ्या. दुसऱ्याची वापरलेली नको. आणि तिच्यात गहू कधीच घालू नका, पाहुणे आले तरी."

घरी येऊन मी हिशोब मांडला. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. समजा गिरणीत फक्त २० ग्रॅम कणीक राहिली, म्हणजे दोन-तीन चमचे. कणकेत साधारण आठ टक्के ग्लुटेन धरलं तर १.६ ग्रॅम, म्हणजे १६०० मिलिग्रॅम. पाच किलो ज्वारीत ते सारखं मिसळलं तरी किलोला ३२० मिलिग्रॅम. मर्यादेच्या सोळापट! आणि सारखं मिसळत नाहीच, सुरुवातीच्या पिठात जास्त येतं. आधी किलोभर ज्वारी फिरवून ते कमी होईल, पण किती झालं हे डोळ्यांनी कळत नाही, जिभेला कळत नाही, आणि सिलिॲकच्या काही पोरांना चुकून पोटात गेलं तर लगेच त्रासही होत नाही. आत इजा मात्र होते. म्हणजे चूक झाली हे कळायलाच काही महिने लागतील. सॉफ्टवेअरमध्ये असल्या बगला आम्ही फार घाबरतो.

अण्णा आणखी एक बोलले होते, ज्वारी निवडून घ्या, दुकानात पोती शेजारी असतात. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात तीनेक मिलिग्रॅम ग्लुटेन. किलोभर ज्वारीत सहा-सात दाणे आले की मर्यादा संपली. ताई तेव्हापासून ताटात ज्वारी पसरून दाणा न् दाणा बघते. घरघंटी घेतली. भाचा आता माझ्या खांद्याला लागतो.

अण्णांना सिलिॲक हा शब्द आजही माहीत नसेल. त्यांना त्यांची गिरणी माहीत होती. ती काय करू शकत नाही हेही माहीत होतं, आणि ते त्यांनी दुप्पट पैसे नाकारून सांगितलं.

तर मी नवा मसुदा ग्रुपवर टाकला. लगेच आक्षेप. "अभिनंदनात ‘तुम्ही नाही म्हणालात’ असं काय लिहितोस? निगेटिव्ह वाटतं." मला हे पटत नाही. दळून देणारे पुष्कळ आहेत. मी कृतज्ञ आहे तो त्यांनी न दळलेल्या पाच किलोंबद्दल. दुसरा आक्षेप, ‘शतक साजरे करो’ का काढलं? अहो, अण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, मुलगा बंगळूरला, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची चर्चा आहे. जो माणूस रोज विचार करतोय की बंद कधी करावं, त्याला ‘अशीच चालू ठेवा’ म्हणणं ही शुभेच्छा नाही, आपल्या सोयीची मागणी आहे. आपण निम्मे लोक पाकिटातलं पीठ आणतो आणि वर त्यांनी शंभर वर्षं उभं राहावं! (मीही २०२० नंतर दोन वर्षं पाकीटवाला होतो. परत आलो ते भाकरीमुळे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, थापताना कडा फाटतात.)

शेवटी ग्रुपने आपला पहिला मसुदा पाठवला, फुलांच्या चित्रासकट. मी माझा वेगळा पाठवला. तो असा:

‘अण्णा, नमस्कार. गिरणीला तीस वर्षं झाली, त्यातली सत्तावीस मी पाहिली. टाकी लावल्यावर पहिलं पीठ कचकच लागतं म्हणून तुम्ही आधी स्वतःचं धान्य फिरवून ते फेकता, हे मी पाहिलंय. २००१ मध्ये मी ऐंशी ग्रॅमवरून भांडायला आलो तेव्हा तुम्ही गिरणी उघडून दाखवलीत. २०१७ मध्ये माझ्या भाच्याची ज्वारी तुम्ही परत पाठवलीत. तेव्हा मी रागावून गेलो आणि नंतर कधी काही बोललो नाही, ते आज बोलतो. तो पोरगा बरा आहे, चौदा वर्षांचा झाला. एकदा चकलीची भाजणी जाड आली होती, तेही लक्षात आहे. गिरणी कधी बंद करायची ते तुम्ही ठरवा, आमच्याकडे बघून ठरवू नका. गुडघ्यांना जपा.’

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर तासाभराने आलं, मागे मोटारीचा आवाज असलेला आठ सेकंदांचा निरोप:

"भाजणी तुमच्याकडून कमी भाजून आली होती. आणि डबा बुधवारपासून पडलाय, घेऊन जा. झाकण उघडं ठेवलंय."