बाप्पा एक, मंडप एक, मग नावं तीन का?

गल्लीत पहिल्यांदा गणपती बसवायचं ठरलं की पहिली मीटिंग मूर्तीवरून नाही, नावावरून गाजते. आमच्याकडे गेल्या वर्षी तेच झालं. पोरांनी बॅनरवर ‘पिंपळ गल्लीचा राजा’ झळकवला. पावतीपुस्तकावर ‘पिंपळ गल्ली मित्र मंडळ’ छापलं गेलं. आणि परवानगीच्या अर्जात काका लोकांनी ‘श्री गणेश तरुण मंडळ’ लिहून टाकलं, खातंही त्याच नावाने उघडलं.

मग व्हायचं तेच झालं. एका दुकानदाराने बॅनर बघून ‘राजा’च्या नावाने चेक दिला, तो बँकेतून परत आला. दुसऱ्याने पावती उलटसुलट करून विचारलं, “अरे, हे मंडळ नक्की तुमचंच ना?” वर्गणी मागताना यापेक्षा वाईट प्रश्न नाही.

कारण पावतीवरचं नाव हा कायद्याचा मामला आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. म्हणून ठराव, अर्ज, बँक खातं आणि पावती, चारही ठिकाणी नाव काना-मात्रेसकट सारखं हवं.

पण असं कागदी नाव घेऊन कोणी जयजयकार करतं का? इथे जुन्या मंडळांकडे बघा. मुंबईत मंडळ ‘चिंचपोकळी सार्वजनिक उत्सव मंडळ’, बाप्पा मात्र ‘चिंतामणी’. पुण्यात मंडळ ‘अखिल मंडई मंडळ’, बाप्पा ‘शारदा गजानन’. मंडळाचं नाव पत्ता सांगतं, बाप्पाचं नाव हाक मारायला असतं. दोन्ही कामं एकाच नावावर लादली की घोळ होतो.

यंदा आम्ही तेच केलं. मंडळ झालं ‘पिंपळ गल्ली सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’. ‘गणेश तरुण मंडळ’ गल्लोगल्ली सापडेल, पण गल्लीचं नाव आलं की देणाऱ्याला कळतं, पैसे कुठे चालले. बाप्पाला ‘राजा’ म्हणायचं का, यावर पुन्हा वाद झाला. पलीकडच्या गल्लीत ‘राजा’ आधीच होता, मग पोरं ‘महाराजा’वर गेली. शेवटी एका आजींनी निकाल दिला: “राजाला लांबून मुजरा करतात रे. आपल्याला जवळचा हवा.” बाप्पा झाला ‘पिंपळाचा मोरया’.

आता बॅनरवर ‘पिंपळाचा मोरया’ मोठ्या अक्षरांत आणि खाली मंडळाचं पूर्ण नाव. पावतीवर याच्या उलट: वर मंडळ, खाली बारीक अक्षरांत मोरया. चेक कोणाच्या नावाने, हे दोन्हीकडे स्पष्ट.

तुमच्या मंडळाचं नाव ठरत असेल, तर छापायला टाकण्याआधी दोन गोष्टी करा. बाप्पाचं नाव आरतीनंतर जोरात म्हणून बघा, तोंडात अडकलं तर बदला. आणि मंडळाचं नाव पावतीच्या पहिल्या ओळीत हाताने लिहून बघा. तिथे मावलं नाही, तर घाईत कार्यकर्ता ते तोडून लिहिणार, आणि चौथं नाव तयार होणार!