‘एवढं जरा करून दे’ची किंमत

ठरलेल्या कामात एकेक मागणी वाढत जाते, तेव्हा ती भांडणाच्या सुरात येत नाही. ती गोड येते. ‘एवढं जरा करून दे ना’ म्हणून येते, आणि आपल्या वडोदऱ्यात ‘आटलुं करी आपो ने’ म्हणूनही येते. आपल्यातली बरीच तरुण मंडळी आता स्वतंत्रपणे वेबसाइट, डिझाइन, इंटिरियर, फोटोग्राफी अशी कामं घेतात. पहिले क्लायंट बहुतेक वेळा ओळखीतलेच असतात. त्यांना नाही म्हणणं जड जातं, आणि फुकट हो म्हणत राहिलं तर महिन्याअखेरीस हिशेब बसत नाही. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे पैसे लावून दिलेली चेंज रिक्वेस्ट, म्हणजेच वाढीव कामाचा लेखी प्रस्ताव. माझ्या वेबसाइटच्या कामातलं एक उदाहरण घेऊन ती कशी करायची ते सांगते.

मसाल्यांचं दुकान असलेल्या एका काकांचं काम होतं. कोटेशनमध्ये लिहिलं होतं: इंग्रजीत सात पानं, एक पाककृतींचा विभाग, संपर्काचा फॉर्म आणि डिझाइनमध्ये दोनदा बदल. अंदाज 80 तासांचा, दर तासाला 700 रुपये, एकूण 56,000. साइट दिवाळीआधी सुरू व्हायची होती. निम्मं काम झालं आणि मागण्या येऊ लागल्या. मुख्य पानावरचा फोटो बदल. फॉर्म भरला तरी मेल येत नाही, तो ठीक कर. आणि हो, सगळी साइट गुजरातीतही हवी, गिऱ्हाईक तेच आहे.

अशी मागणी आली की मी लगेच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ‘काका, नोंदवून ठेवते. किती वेळ आणि पैसे लागतील ते उद्या कळवते,’ एवढंच सांगते. मग कोटेशन समोर ठेवून प्रत्येक मागणीची जागा ठरवते. मेल न येणं हा माझ्या कामातला दोष, तो फुकटच दुरुस्त व्हायला हवा. फोटो बदलणं हे ठरलेल्या दोन बदलांत बसतं. गुजराती आवृत्तीचा मात्र कोटेशनमध्ये कुठेच उल्लेख नाही, म्हणून ते नवं काम. ही वाटणी प्रामाणिक असायला हवी. आपला दोष ‘वाढीव काम’ म्हणून विकायला गेलो की पुढच्या रास्त मागणीवरचाही विश्वास उडतो. कोटेशनमधलं वाक्यच दोन अर्थांचं असेल, तर मी त्याचा फायदा क्लायंटला देते किंवा खर्च अर्धाअर्धा वाटून घ्यायचं सुचवते.

आता नव्या कामाची किंमत. काकांच्या मते गुजराती म्हणजे मजकूर पेस्ट करण्याचं दोन तासांचं काम. पण गुजराती शब्दांची लांबी वेगळी असते, मेनू दोन ओळींत तुटतो, भाषा बदलण्याचं बटण लागतं आणि प्रत्येक पान पुन्हा मोबाइलवर तपासावं लागतं. मी कामाचे तुकडे पाडले. सात पानांत मजकूर बसवायला 7 तास, बटण आणि मेनूला 3, तपासणी आणि दुरुस्तीला 3, मजकुराच्या देवाणघेवाणीला 2. एकूण 15 तास, म्हणजे 10,500 रुपये. दर मूळ कोटेशनचाच ठेवला. वाढीव कामाला चढा दर लावला की क्लायंटला आपण कोंडीत सापडलो असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी पाठवलेला मजकूर असा होता:

‘काका, गुजराती आवृत्ती आपल्या मूळ कोटेशनमध्ये नाही, पण करता येईल. सात पानांसाठी 15 तास, 10,500 रुपये. भाषांतर तुमच्याकडून मिळेल असं धरलं आहे. तीन मार्ग आहेत. एक, आत्ताच करू, साइट चार कामाचे दिवस उशिरा सुरू होईल. दोन, ठरल्या तारखेला साइट सुरू करू आणि गुजराती दिवाळीनंतर करू, किंमत तीच. तीन, पाककृतींचा विभाग अजून सुरू केलेला नाही, तो 12 तासांचा आहे. तो पुढे ढकलून गुजराती घेऊ, मग फक्त 3 तासांचे 2,100 रुपये वाढतील आणि तारीखही जवळपास तीच राहील. हा दर आठ दिवसांसाठी आहे. कोणता मार्ग हवा ते लिहून कळवा, त्यानंतर काम सुरू करते.’

या मजकुरात सगळ्यात महत्त्वाचे ते तीन मार्ग. नुसता आकडा पाठवला की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उरतं आणि बोलणं घासाघिशीवर येतं. मार्ग दिले की क्लायंट आपल्या गरजेचा विचार करू लागतो. काकांचा पहिला सूर ‘अगं, घरच्यांकडून पण?’ असाच होता. मी म्हटलं, ‘घरचे म्हणूनच आधी सांगतेय काका, बिलात अचानक दाखवत नाही.’ संध्याकाळी त्यांनी तिसरा मार्ग कळवला. पाककृती थांबू शकतात, दिवाळीचं गिऱ्हाईक थांबत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

भाषांतराचं वाक्यही मुद्दाम घातलेलं आहे. अशी गृहीतं लिहिली नाहीत, तर वाढीव कामातूनच आणखी वाढीव काम निघतं.

अगदी छोट्या गोष्टींचं काय? व्हॉट्सअॅपचं बटण लावायला पंधरा मिनिटं लागतात, त्याचे पैसे मागणं शोभत नाही. ते मी करून देते, पण नोंदवते. शेवटच्या बिलात ‘व्हॉट्सअॅप बटण: 0 रुपये’ अशी ओळ येते. क्लायंटला दिसतं की हे वरचं होतं, आणि मलाही दिसतं की अशा ओळी किती झाल्या. त्या सगळ्या मिळून दोन तासांवर गेल्या, की पुढची मागणी मी चेंज रिक्वेस्ट म्हणूनच पाठवते.

ही पद्धत फसते ती मुख्यतः मंजुरीच्या वेळी. मागणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो. काकांच्या मुलाने फोनवर ऑनलाइन पेमेंटही घालायला सांगितलं होतं. होकार कोणाचा धरायचा हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं, आणि फोनवर बोलणं झालं तरी ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे’ असा दोन ओळींचा मेसेज त्याच माणसाला पाठवावा. त्याचं लेखी ‘हो’ येईपर्यंत कामाला हात लावू नये, कारण झालेल्या कामाची किंमत नंतर ठरवायला बसलं की आपली बाजू नेहमी लंगडी पडते. माझ्याकडे रक्कम मोठी असेल तर निम्मी आधी घेते.

पेमेंटच्या मागणीला मात्र मी चेंज रिक्वेस्ट पाठवली नाही. त्यासाठी मालाची यादी, दर, डिलिव्हरी, पैसे परत करण्याचे नियम असं सगळंच ठरवावं लागतं. ती माहितीची साइट न राहता दुकान होते. मागणी कामाचं स्वरूपच बदलत असेल, तर नवं कोटेशन द्यावं. आणि मूळ कोटेशनमध्ये ‘संपूर्ण वेबसाइट करून देणे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर चेंज रिक्वेस्टला टेकायला जागाच नसते. अशा वेळी आहे त्या टप्प्यावर थांबून, उरलेल्या कामाची यादी दोघांनी मिळून लिहून काढावी आणि तिथून पुढे मोजायला लागावं.