कुमार गट संघनिवडीच्या सभेचे इतिवृत्त दुरुस्त करूनच कायम करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,
आपले क्रीडा मंडळ

विषय : कुमार गट कबड्डी संघाच्या निवडीवर झालेल्या विशेष सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा दोन्ही बाजूंना न्याय देईल अशा रीतीने दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही मंडळाचे सभासद आहोत. आमच्यापैकी चौघे कार्यकारिणीवर असून विशेष सभेला हजर होते. त्यांतील दोघांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, दोघांनी विरोधात. निवडीबद्दल आमच्यात आजही एकमत नाही. सभेत जे घडले ते मसुद्यात उतरलेले नाही, यावर मात्र आमचे एकमत आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की संघ बदलावा अशी आमची मागणी नाही. बारा खेळाडूंची यादी जिल्हा संघटनेकडे गेली आहे आणि तो विषय ठरावाने संपला आहे. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम केले जाईल, तेव्हा निर्णय बरोबर होता की चूक हा प्रश्न नसेल. झालेला निर्णय जसाच्या तसा लिहिला गेला आहे का, एवढेच तेव्हा पाहायचे असते. म्हणून ठरावाच्या विरोधात मत दिलेला सदस्यही इतिवृत्त कायम करायला हात वर करू शकतो, आणि बाजूने मत दिलेला सदस्यही त्यातली चूक दाखवू शकतो.

१. वाद नेमका कशाचा होता

मसुदा वाचून हे कळत नाही, म्हणून येथे सविस्तर मांडतो. खेळाडूंची नावे न घेता त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतो.

बाराव्या जागेसाठी डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या या दोघांचा विचार झाला. निवड समितीच्या तिघा सदस्यांनी प्रत्येकी ५० पैकी गुण दिले. त्यांतले १० गुण सराव शिबिरातील उपस्थितीसाठी होते. तिघांपैकी एक सदस्य ‘अ’चे मामा आहेत. त्यांनी हे नाते सभेच्या सुरुवातीलाच सांगितले. आक्षेप आल्यावर त्यांचे गुण वगळून बेरीज करण्यात आली. उरलेल्या दोघांच्या १०० पैकी गुणांत ‘अ’ला ७९ आणि ‘ब’ला ७६ मिळाले होते. म्हणजे मामांचे गुण धरले नाहीत तरी क्रम तोच राहिला. ही बाब निवडीच्या बाजूने जाते आणि ती नोंदवली गेली पाहिजे.

खरा पेच यापुढचा होता. शिबिर २४ दिवसांचे होते. ‘ब’ २३ दिवस हजर होता, ‘अ’ १३ दिवस. ‘अ’ बारावीच्या परीक्षेसाठी प्रशिक्षकांच्या लेखी परवानगीने १० दिवस रजेवर होता. दोन्ही परीक्षकांनी उपस्थितीचे ‘अ’ला ८ आणि ‘ब’ला ९ गुण दिले होते. हे गुण कोणत्या हिशेबाने दिले, असा प्रश्न सभेत विचारला गेला.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, उपस्थिती म्हणजे प्रत्यक्ष मैदानावर असणे. त्यांच्या हिशेबाने ‘अ’ला २४ पैकी १३ दिवसांचे ५.४ गुण मिळतात, तर ‘ब’ला ९.६. तसे धरले तर ‘अ’चे एकूण ७३.८ होतात, ‘ब’चे ७७.२, आणि क्रम उलटतो. निवडीला पाठिंबा देणाऱ्यांचे म्हणणे असे की, परवानगीची रजा गैरहजेरीत धरता येत नाही. त्यांच्या हिशेबाने ‘अ’ १४ पैकी १३ दिवस हजर होता, त्याचे ९.३ गुण होतात आणि एकूण ८१.६ होऊन तो आणखी पुढे जातो. मंडळाच्या निवड नियमावलीत ‘सरावातील उपस्थिती विचारात घेतली जाईल’ एवढेच वाक्य आहे. रजा कशी मोजायची, याबद्दल त्यात शब्दही नाही.

दोन्ही हिशेब बरोबर आहेत. नियम कसा वाचायचा, यावर फक्त मतभेद आहे. हे इतिवृत्तात आले, तर वाचणाऱ्याला कळेल की वाद नियमातल्या उणिवेचा होता, कोणाच्या प्रामाणिकपणाचा नव्हता.

२. मसुद्यात काय लिहिले गेले आहे

मसुद्यातील नोंद अशी : ‘काही सदस्यांनी निवडीवरून विनाकारण गोंधळ घातला. निवड समितीचा निर्णय योग्य असल्याने तो सर्वानुमते कायम करण्यात आला.’ या दोन वाक्यांत तीन दोष आहेत. ‘विनाकारण गोंधळ’ हे लिहिणाऱ्याचे मत आहे, घडलेली गोष्ट नव्हे. ‘योग्य असल्याने’ या शब्दांनी सभेने निवडीची कारणे मान्य केली असा अर्थ निघतो, पण ठरावात फक्त निवड कायम ठेवली गेली होती. आणि ‘सर्वानुमते’ हा शब्द वस्तुस्थितीला सोडून आहे. नऊ सदस्य हजर होते. पाचांनी बाजूने मत दिले, तिघांनी विरोधात, आणि ‘अ’चे मामा तटस्थ राहिले. हा निर्णय बहुमताचा होता आणि त्यासाठी बहुमत पुरेसे होते. सर्वानुमते म्हटल्याने ठरावाला अधिक बळ मिळत नाही. उलट तिघांपैकी कोणी उद्या बोलले, तर खऱ्या बहुमतावरही संशय येईल.

तेवढाच आक्षेप आम्ही विरोधी बाजूच्या कागदावरही घेतो. ठरावाला विरोध करणाऱ्या सदस्यांनी एक लेखी टिपण दिले असून ते इतिवृत्ताला जोडावे अशी त्यांची मागणी आहे. त्यात ‘नातेवाईकासाठी पक्षपात झाल्याचे सिद्ध झाले’ असे वाक्य आहे. सभेत असे काहीही सिद्ध झालेले नाही. नाते सांगितले गेले, त्या सदस्याने एका प्रश्नाला उत्तर दिले, तो चर्चेच्या वेळी खोलीतच बसला होता आणि त्याने मत दिले नाही. त्याने बाहेर जायला हवे होते, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे आहे. नियमावलीत तशी अट नाही, असे दुसऱ्या बाजूचे उत्तर आहे. या चार गोष्टी आणि ही दोन मते लिहिली की नोंद पूर्ण होते. त्यावर निष्कर्ष काढणे इतिवृत्ताचे काम नाही.

३. मुलांबद्दलचे उल्लेख

चर्चेच्या भरात ‘ब’ कुमार गटाच्या ७० किलोच्या वजनमर्यादेत बसणार नाही असे एका सदस्याने म्हटले, तर दुसऱ्याने ‘अ’च्या घरच्या परिस्थितीचा विषय काढला. पहिले विधान मसुद्यात आले आहे, त्याचा खुलासा मात्र आलेला नाही. शिबिराच्या वजन नोंदवहीत ‘ब’चे वजन ६९.४ किलो आहे आणि ते सभेतच वाचून दाखवले गेले होते. एकाचा आरोप ठेवून त्याचे उत्तर गाळले, तर पुढच्या वर्षी तो मुलगा ‘वजनात न बसणारा’ म्हणूनच ओळखला जाईल. वजनाबाबतचा आक्षेप आणि नोंदवहीतला आकडा हे दोन्ही एकत्र ठेवावेत किंवा दोन्ही काढावेत. घरच्या परिस्थितीचा निवडीशी संबंध नाही, त्यामुळे तो उल्लेख कोणत्याही रूपात येऊ नये. इतिवृत्ताची प्रत फलकावर लागते आणि ती शिबिरातली मुले वाचतात. म्हणून फलकावरच्या प्रतीत न निवडलेल्या खेळाडूचे नाव असू नये.

४. आमच्या मागण्या

(क) मसुद्यातील वरील नोंदीऐवजी पुढील मजकूर घ्यावा, अशी आमची विनंती आहे :

‘बाराव्या जागेच्या निवडीवर चर्चा झाली. निवड समितीच्या एका सदस्याने निवडलेल्या खेळाडूशी असलेले आपले नाते सुरुवातीस सांगितले. चर्चेच्या वेळी ते उपस्थित होते, एका प्रश्नास त्यांनी उत्तर दिले व मतदानात भाग घेतला नाही. त्यांनी बाहेर जायला हवे होते असे काही सदस्यांचे म्हणणे होते. नियमावलीत तशी अट नाही असे इतरांचे म्हणणे होते. त्यांचे गुण वगळता दोन्ही खेळाडूंचे गुण ७९ व ७६ होत असल्याचे सभेपुढे मांडण्यात आले. परीक्षेसाठी परवानगीने घेतलेली रजा उपस्थितीत कशी धरावी, यावर दोन मते मांडली गेली व दोन्ही हिशेब सभेपुढे ठेवण्यात आले. नियमावलीत याबाबत स्पष्ट तरतूद नाही. निवड कायम ठेवण्याचा ठराव पाच विरुद्ध तीन मतांनी संमत झाला; एक सदस्य तटस्थ.’

ठरावाचा क्रमांक, सूचक आणि अनुमोदक यांची नावे मसुद्यात आहेत, ती तशीच ठेवावीत. विरोधात मत देणाऱ्या ज्या सदस्याला आपले भिन्नमत नावानिशी नोंदवायचे असेल, त्याला एका वाक्यात ते नोंदवू द्यावे. कारणांचे लांब टिपण इतिवृत्तात न घेता पत्रव्यवहाराच्या धारिकेत ठेवावे. हाच नियम ठरावाच्या बाजूच्या टिपणालाही लागू करावा.

(ख) दुरुस्ती करताना मसुद्याचे पान फाडू नये, त्यावर दुसरा कागद चिकटवू नये आणि मूळ अक्षरे पुसू नयेत. चुकीच्या मजकुरावर एक सरळ रेघ ओढून नवा मजकूर समासात किंवा पुढच्या पानावर लिहावा आणि तेथे अध्यक्ष व कार्यवाह यांनी दिनांकासह सही करावी. जुने काय होते आणि ते केव्हा बदलले हे कोणालाही दिसले पाहिजे. आपले मंडळ नोंदणीकृत आहे आणि इतिवृत्तवही हे मंडळाचे दफ्तर आहे. तिच्यातली गुपचूप केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करते.

(ग) दोघा परीक्षकांची मूळ गुणपत्रके, वजन नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत आणि रजेचे परवानगीपत्र दफ्तरात ठेवावे. इतिवृत्तात त्यांचा केवळ क्रमांकाने उल्लेख करावा.

(घ) पुढील हंगामाचे शिबिर सुरू होण्यापूर्वी नियमावलीत दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात : परवानगीची रजा उपस्थितीच्या हिशेबातून वगळायची की नाही, आणि नातेसंबंध असलेल्या सदस्याने गुण द्यावेत का व चर्चेच्या वेळी बाहेर जावे का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर काय असावे, यावर आमच्यात मतभेद आहेत. ते आधीच लिहिलेले असावे, यावर नाहीत.

कार्यवाहांनी सभा चालू असताना एकट्याने टिपणे घेतली, चर्चेला उत्तरेही दिली आणि त्याच रात्री मसुदा लिहिला, याची आम्हाला जाणीव आहे. हे निवेदन त्यांच्याविरुद्ध नाही. वादग्रस्त विषयाच्या सभेत टिपणे घेण्याचे काम चर्चेत भाग न घेणाऱ्या सदस्याकडे द्यावे, एवढी विनंती आम्ही यासोबत करतो.

पुढील सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय घेण्यापूर्वी हे निवेदन वाचून दाखवावे आणि दुरुस्तीवर मतदान घ्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
कार्यकारिणीतील चार सदस्य (ठरावाच्या बाजूने मत दिलेले दोन, विरोधात मत दिलेले दोन) व सोबतच्या यादीतील सभासद

प्रत : कार्यवाह, निवड समिती