चालीआधीचे टिपण

गीत लिहून झाले की कवी ते संगीतकाराच्या हाती देतो आणि सोबत एखादे विशेषण जोडतो: 'चाल आनंदी हवी', 'जरा भावपूर्ण असू द्या'. अशा विशेषणांनी संगीतकाराला फारसे काही कळत नाही, असे माझे मत आहे. शब्दांना चाल शोभावी असे वाटत असेल, तर गीताबरोबर एक छोटे टिपण द्यावे. त्यात गीत कोण, कोणाला, कोठे आणि कोणत्या गतीने म्हणणार हे लिहावे. शब्दांच्या उच्चाराविषयी सांगावयाचे असेल तेही लिहावे.

एक उदाहरण घेऊ. गावातील वाचनालयाच्या ग्रंथदिंडीसाठी आपण असे ध्रुवपद लिहिले आहे, असे समजा:

दार उघडले ग्रंथघराचे,
या हो या सारे

प्रथम प्रसंग लिहावा. दिंडी चालत जाते, म्हणून गीत चालता चालता म्हटले जाणार. चालणाऱ्याचा श्वास बसून गाणाऱ्यापेक्षा लवकर संपतो. पहिल्या ओळीच्या मात्रा सोळा, दुसरीच्या दहा. आठ मात्रांच्या केरव्यात हे ध्रुवपद चार आवर्तनांत बसते आणि शेवटी सहा मात्रा मोकळ्या राहतात. ही जागा श्वासासाठी आहे, वाद्यांनी ती भरली तरी गायिकांना तेथे थांबू द्यावे, हे टिपणात स्पष्ट लिहावे. अन्यथा ती रिकामी दिसते म्हणून संगीतकार तेथे शब्दांची पुनरावृत्ती घालण्याचा संभव असतो.

लयीसाठी 'मध्यम' हा शब्द अपुरा आहे. दर दोन मात्रांना एक पाऊल पडावे आणि एक आवर्तन सुमारे तीन सेकंदांत पुरे व्हावे, असे लिहिले की मिनिटाला सुमारे ऐंशी पावले होतात. ही संथ मिरवणुकीची चाल आहे.

गाणाऱ्यांविषयीही नेमके लिहावे. समजा, वाचनालयाच्या पंधरा सभासद महिला गाणार आहेत, त्यांनी गायनाचे शिक्षण घेतलेले नाही आणि ध्वनिक्षेपक नाही. मग सुरावट एका सप्तकाच्या आत राहावी, एकीने ओळ म्हणावी व बाकीच्यांनी ती उचलावी, अशी मागणी करता येते. त्यांना कोणती पट्टी सोसते ते पेटीवर पाहून कळवावे.

भाव सांगताना विशेषणापेक्षा बोलणारा आणि ऐकणारा सांगणे उपयोगी पडते. येथे दारात उभ्या असलेल्या बायका वाटेवरच्या माणसांना हाक मारीत आहेत. ही प्रार्थना नव्हे. 'गीतरामायण' 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित होत असे. ग. दि. माडगूळकरांची त्यातील गीते निरनिराळ्या पात्रांच्या मुखी आहेत. त्यामुळे कोण, कोणत्या क्षणी बोलत आहे हे सुधीर फडके यांच्यापुढे गीतातच स्पष्ट होते. आपल्या सुट्या गीताला अशी कथेची चौकट नसते. ती टिपणाने पुरवावी लागते.

आता उच्चाराकडे वळू. बोलताना आपण 'दार्' आणि 'उघड्ले' असे म्हणतो; गाताना 'र' व 'ड' यांतील अकार पूर्ण उच्चारला जातो. तो एका मात्रेपुरता ठीक वाटतो. त्यावर स्वर लांबविला, तर ऐकणाऱ्याला 'दारा', 'उघडाले' असे ऐकू येते. म्हणून कागदावर लांबविण्यास योग्य अक्षरे अधोरेखित करावीत: 'ले', 'चे', 'या', 'रे'. 'ग्रंथघराचे' हा सामासिक शब्द आहे. त्यातील 'ग्रं' समेवर यावा आणि 'थ'नंतर विराम नसावा. तेथे श्वास घेतला, तर ओळ 'दार उघडले ग्रंथ' अशी तुटते आणि 'घराचे' निराधार उरते.

टिपणाला मर्यादाही हवी. त्यात राग सुचवू नये, आणि 'अमुक गाण्यासारखी चाल' असे तर मुळीच लिहू नये. तसे लिहिल्यास संगीतकाराच्या कानात ते गाणे वाजत राहते आणि आपले शब्द त्याच्या साच्यात कोंबले जातात. चित्रपटात पुष्कळदा चाल आधी तयार होते व शब्द नंतर लिहिले जातात. तेथे हेच प्रश्न कवीने संगीतकाराला विचारावेत.

चाल हाती आली की परीक्षा सोपी आहे. गीत न वाचलेल्या व्यक्तीला ती एकदाच ऐकवावी आणि ऐकलेले शब्द लिहावयास सांगावे. तिने 'ग्रंथघराचे' एकसंध लिहिले, तर चाल शब्दांना धरून आहे. तसे झाले नाही, तर आधी आपले टिपण पुन्हा वाचावे: तेथे विराम नको, हे आपण लिहिले होते का? लिहिले नसेल, तर दोष चालीवर टाकता येत नाही.