पैसे कापले गेले, पण कर भरला गेला का?

नेट बँकिंगने कर भरताना आपण व्यापारी एक चूक हमखास करतो. ‘खात्यातून रक्कम वजा’ असा बँकेचा संदेश मोबाईलवर आला की कर भरला, असे समजून झोपी जातो. गांधीनगरच्या पेठेतून कापडाचा एक तागा बिलाशिवाय न उचलणारा माणूस सरकारात हजारो रुपये भरून पावती पाहत नाही. मीही त्यातलाच.

अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराला सगळा अग्रिम कर 15 मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो. 14 मार्च 2025 च्या रात्री आयकर खात्याच्या संकेतस्थळावर e-Pay Tax उघडून मी 48,000 रुपये भरले. वर्षाच्या खान्यात चालू वर्ष म्हणून 2024-25 निवडले. पण तिथे आकारणी वर्ष विचारलेले असते, आणि 2024-25 च्या कमाईचे आकारणी वर्ष 2025-26 होते. रक्कम गेली, पण मागच्या वर्षाच्या नावावर.

जुलैत विवरणपत्र भरताना करसल्लागाराने चलन मागितले, तेव्हा हे उघड झाले. 2025-26 च्या खात्यात माझा अग्रिम कर शून्य दिसत होता. चलनावरील वर्ष संकेतस्थळावरच दुरुस्त करता येते, परंतु भरणा केल्यापासून फक्त सात दिवसांत. मी चार महिने उशिरा जागा झालो होतो. मग आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करणे आले. दुरुस्ती होईपर्यंत तेच 48,000 व्याजासह पुन्हा मागितले जाण्याची टांगती तलवार राहिली.

त्या अर्जाला बँकेचा संदेश उपयोगी पडला नाही. Payment History मधून उतरवलेले चलन जोडावे लागले. कारण त्यावर CIN असतो. त्यात बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक येतो. रक्कम कोणाच्या, कोणत्या वर्षाच्या खात्यात गेली, हे त्या कागदावरूनच सिद्ध होते.

माझे स्पष्ट मत आहे की सात दिवसांची मुदत अपुरी आहे. छोटा व्यापारी चलन उघडतो तो विवरणपत्राच्या वेळी. दुरुस्तीची मुदतही तोपर्यंत हवी. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आल्याने हा घोळ कमी होईल, पण जुन्या वर्षांची बाकी भरणाऱ्यांना आकारणी वर्ष सांभाळावेच लागेल.

तोवर एवढे करा. पैसे कापले आणि पान अडकले, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी Payment History पाहा. चलन त्याच रात्री उतरवा, त्यावरील पॅन, वर्ष आणि Advance Tax (100) वाचा, आणि एक प्रत लगेच करसल्लागाराला पाठवा. माझ्या सल्लागाराला ते 15 मार्चला मिळाले असते, तर चूक सात दिवसांच्या आतच सापडली असती.