एका बहरापुरती भागीदारी

भागीदारीचा विषय निघाला की आपल्या व्यापारी बंधूंच्या मनात दोन चित्रे उभी राहतात : एक दोन पेढ्यांच्या कायमच्या एकीकरणाचे, दुसरे काही वर्षांनी होणाऱ्या कज्जांचे. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे, आणि तो पांढुर्णा व सौंसर येथील लहान संत्रा-व्यापाऱ्यांना विशेष सोयीचा आहे, असे आमचे मत आहे. आम्ही स्वतःही याच मार्गाने जाऊ इच्छितो.

आमची पेढी पांढुर्ण्याची. आमच्यापाशी माल निवडण्याची व भरण्याची शेड आहे, कॅरेट आहेत आणि दूरच्या बाजारांतील आडत्यांशी जुना व्यवहार आहे. सौंसरकडील ज्या स्नेह्यांना आम्ही हा प्रस्ताव देत आहोत, त्यांच्यापाशी बागवानांचा विश्वास आहे. झाडावरचा माल पाहून सौदा करण्यात त्यांची नजर तरबेज आहे. त्यांना भरतीला जागा अपुरी पडते. आमची शेड पुष्कळदा मालाविना रिकामी असते. २०२३ पासून दोन्ही गावे एकाच पांढुर्णा जिल्ह्यात आली, पण आमचे हिशेब अद्याप वेगळे आणि ट्रकही वेगळे.

नुकसान नेमके येथेच होते. समजा, दहा टनांच्या ट्रकचे दूरच्या बाजारापर्यंतचे भाडे चाळीस हजार रुपये आहे. आम्ही पाचच टन भरून पाठविला, तर किलोमागे आठ रुपये भाडे पडते. पूर्ण भरला, तर चार. ट्रक भरण्यासाठी माल थांबवून ठेवावा, तर तोडलेल्या संत्र्याचे वजन घटते, साल सुरकुतते आणि भाव उतरतो. दोघांचा माल एकाच दिवशी एकत्र झाला, तर भाडे वाचते आणि फळही ताजे पोहोचते.

एवढ्यासाठी पेढ्या एक करण्याचे कारण नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याच्या कलम ८ प्रमाणे एखाद्या विशिष्ट कामापुरती भागीदारी करता येते, आणि कलम ४२ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, ते काम पुरे होताच ती विसर्जित होते. आमचा प्रस्ताव येत्या आंबिया बहरापुरता, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्याच काळाचा आहे.

हिशेब असा बसेल. एका ट्रकचा माल, तोडणी, शेडचे ठरलेले भाडे, भरती व वाहतूक मिळून तीन लाख वीस हजार लागले, असे धरू. त्यांनी दोन लाख घातले, आम्ही एक लाख वीस हजार. आडत वजा जाता साडेतीन लाख हाती आले, तर तीस हजार उरतात. एका महिन्याचे शेकडा एक प्रमाणे त्यांना दोन हजार व आम्हांस बाराशे व्याज द्यावे. राहिलेल्या सव्वीस हजार आठशेचे निम्मे-निम्मे. मात्र किलोमागे चार रुपयांनी भाव पडला, तर दहा हजारांचा तोटा येईल. अशा वेळी व्याज कोणासही नाही, कारण कायद्याने ते नफ्यातूनच द्यावयाचे असते. पाच-पाच हजार दोघांनी सोसावे.

भांडणाची बीजे कोठे असतात, तेही सांगितले पाहिजे. एक भागीदार आपला खासगी माल त्याच ट्रकमध्ये घालतो आणि चांगला भाव आपल्या मालाच्या नावे लिहितो. यास्तव हंगामात दोघांनीही वेगळा संत्रा-व्यवहार करू नये, असे लेखी ठरावे. शेडवरील वजन व आडत्याच्या विक्रीपट्टीवरील वजन प्रत्येक खेपेस शेजारी-शेजारी लिहावे. नेहमीच्या घटीपेक्षा अधिक फरक सलग दोन खेपांत दिसला, तर तिसरा ट्रक भरण्यापूर्वी बसून बोलावे.

दोन मर्यादा विसरता येत नाहीत. बाहेरच्या देण्यास प्रत्येक भागीदार संपूर्ण रकमेपुरता जबाबदार असतो. म्हणून उधारीची मर्यादा आधीच ठरवावी. दुसरे, नोंदणी नसलेल्या संस्थेला बुडविणाऱ्या आडत्यावर करारापोटी दावा लावता येत नाही. अल्पकाळाची असली, तरी तिची नोंदणी करावी हे बरे.

आता पुढचे पाऊल. पोळा आणि पर्युषण आटोपल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी आमच्या शेडवर दोघांनी गेल्या आंबिया बहराच्या वह्या व विक्रीपट्ट्या घेऊन बसावे. किती खेपा अर्धवट गेल्या, एवढेच प्रथम मोजावे. ती संख्या थोडी निघाली, तर चहा घेऊन स्नेहाने उठावे. मोठी निघाली, तर त्याच बैठकीत वर लिहिलेल्या अटींचा मसुदा करावा आणि पहिल्या तोडणीपूर्वी त्यावर सह्या व्हाव्यात. सौंसरच्या आमच्या स्नेह्यांच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.