कॅरोसेलखालची बोचरी कमेंट: उत्तर कसं द्यायचं?

शाळेच्या पानावर आपण सहा-सात फोटोंचं कॅरोसेल टाकतो. पहिल्या तासात ‘छान’, ‘अभिनंदन मॅडम’ असं येत राहतं आणि मग एखादी कमेंट अशी येते की हातातला चहा गार होतो. तेव्हा बोट आधी ‘डिलीट’कडे जातं. ते का थांबवावं आणि मग नेमकं काय लिहावं, हे माझ्याच एका चुकीवरून सांगते.

मी महाड तालुक्यात शिकवते. २० मार्चच्या निमित्ताने चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर सहा स्लाईडचं कॅरोसेल केलं. रात्री घाईत तिसऱ्या स्लाईडवर लिहून गेले की, २५ डिसेंबर १९२७ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी घेतलं. सकाळी कमेंट आली: ‘मास्तरांनाच तारीख माहीत नाही, पोरांना काय शिकवणार?’

राग आला, खोटं कशाला बोलू? पण या वाक्याचे दोन भाग करून बघा. ‘पोरांना काय शिकवणार’ हा टोमणा आहे. ‘तारीख चुकली’ ही माहिती आहे आणि ती बरोबर आहे. पाणी घेतलं ते २० मार्च १९२७ला. २५ डिसेंबरला महाडमध्येच दुसरी परिषद भरली आणि तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. तेव्हा कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावर जाणं थांबवलं होतं. एकाच गावातल्या, एकाच वर्षातल्या दोन घटना मी एक करून टाकल्या होत्या.

उत्तर द्यायचं ते माहितीला. टोमण्याला नाही. मी एवढंच लिहिलं: ‘बरोबर आहे. पाणी घेतलं ते २० मार्चला. तिसऱ्या स्लाईडवर माझी चूक झाली, दुरुस्त करते. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.’ ‘तुमचा सूर योग्य नाही’ असं त्यात कुठेही नाही. ते लिहिलं असतं, तर पुढच्या दहा कमेंट सुरावर आल्या असत्या आणि तारीख राहिली असती बाजूला.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण कॅरोसेलची अडचण इथेच असते. फोटोवर छापलेली अक्षरं पोस्ट झाल्यावर बदलता येत नाहीत. इन्स्टाग्रामवर कॅप्शन मात्र एडिट करता येतं आणि कॅरोसेलमधली एखादी स्लाईड काढूनही टाकता येते. मी चुकीची स्लाईड काढली, कारण पालक नेमकी तीच स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फिरवतात. पण गुपचूप काढली असती, तर ज्यांनी चूक दाखवली तेच खोटे ठरले असते. नंतर येणारा म्हणाला असता, ‘असं कुठे लिहिलंय?’ म्हणून कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘दुरुस्ती: तिसऱ्या स्लाईडवर पाणी घेतल्याची तारीख २५ डिसेंबर अशी चुकून छापली होती. योग्य तारीख २० मार्च १९२७. ती स्लाईड काढली आहे.’ आणि ती टोचणारी कमेंट, माझ्या उत्तरासकट, पिन करून वर ठेवली. मूळ कमेंट डिलीट केली की तिच्याखालची उत्तरंही जातात, हे लक्षात ठेवा. म्हणजे टीकेबरोबर तुमची कबुलीही पुसली जाते.

दुसरी कमेंट जास्त अवघड होती. एका पालकाने लिहिलं, ‘पाणी प्यायले आणि परत आले, एवढंच झालं का? मारहाण का लिहिली नाहीत?’ इथे तारखेसारखी सरळ चूक नव्हती. मी लिहिलेलं सगळं खरं होतं, पण अपुरं होतं. पाणी घेतल्यावर गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. मग तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. पाचवीच्या मुलांसाठी म्हणून मी हे गाळलं होतं.

अशा वेळी ‘जागा कमी होती’ किंवा ‘लहान मुलांसाठी आहे हो’ असा बचाव पटकन तोंडात येतो. तो खरा असला तरी दुसऱ्या वाक्यात ठेवा. पहिल्या वाक्यात समोरच्याचं म्हणणं मान्य करा. मी लिहिलं: ‘मारहाण झाली, हे खरं आहे आणि माझ्या स्लाईडवर ते नाही. लहान वर्गासाठी लिहिताना गाळलं. मुलांना समजेल अशा भाषेत ते कसं सांगावं, तुम्ही सुचवाल का?’ त्यांनी सुचवलं. ‘पाणी प्यायले म्हणून लोकांना मारलं’ एवढं एकच वाक्य. पाचवीच्या मुलाला ते समजतं. पुढच्या कॅरोसेलमध्ये ते घेतलं.

ही कमेंट मी काढली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ला ठराव झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, तरी पाण्याला हात लावता येत नव्हता. ज्या पोस्टवर मी ही गोष्ट सांगते, तिथेच कमेंटचं दार सर्वांना उघडं म्हणायचं आणि नको ते बोलणाऱ्याला बाहेर काढायचं, हे वाचणाऱ्याला दिसल्याशिवाय राहत नाही.

तिसऱ्याने लिहिलं, ‘तळं खाजगी होतं, सत्याग्रहच चुकीचा.’ हे मला पटत नाही. पण न पटणं हे काही डिलीट करायचं कारण नव्हे. मी एकदाच उत्तर दिलं: ‘हा मुद्दा कोर्टात मांडला गेला होता. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, तो सत्याग्रहींच्या बाजूने.’ ते पुन्हा तेच बोलले. मी थांबले. नवीन मुद्दा आला तर नवीन उत्तर द्यायचं. तोच मुद्दा जोरात आला म्हणून आपण जोरात बोलायचं नाही. उत्तर समोरच्या एकासाठी नसतं, पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून मुकाट्याने वाचणाऱ्या वीस पालकांसाठी असतं. त्यांना एकदा सांगितलेलं पुरतं.

मग काढायचं तरी काय? माझ्याकडे एकच चाळणी आहे: शिव्या वगळल्या तर मागे काही मुद्दा उरतो का? उरत असेल तर ठेवायचं. जातीवरून शिवी, धमकी, किंवा एखाद्या विद्यार्थ्याचं नाव घालून केलेली टिप्पणी असेल, तर आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, मुख्याध्यापकांना दाखवायचा आणि मग काढायची. ‘तुम्हाला अक्कल नाही’ या वाक्याच्या पुढे बरोबर तारीख असेल, तर ती कमेंट राहते.

आणखी एक साधी सवय लावून घ्या. प्रत्येक स्लाईडच्या कोपऱ्यात आकडा टाका. कमेंट सगळ्या कॅरोसेलखाली पडते, कुठल्या फोटोबद्दल आहे ते कळत नाही, आणि निम्मे वाद त्यामुळेच वाढतात. शेवटच्या स्लाईडवर उत्तर असतं आणि माणूस दुसऱ्यावरच थांबून लिहितो. तेव्हा ‘नीट वाचलं नाहीत का?’ असं न म्हणता ‘हे स्लाईड ५वर आहे, पण आधी यायला हवं होतं’ असं म्हणता येतं.

ते टोमणा मारणारे गृहस्थ आता माझी प्रत्येक पोस्ट तपासतात. मी टाकण्याआधी तारखा दोनदा बघते, ती निम्मी त्यांच्या धाकाने.